पत्रा एकही निसटला नाही, छप्पर मात्र अख्खं गेलं: वासा आणि भिंत यांच्या जोडाचं एक प्रकरण

वादळाच्या दुसऱ्या दिवशी फोन आला, छप्पर उडालंय, या बघायला. गेलो तर दृश्य जरा वेगळंच होतं. नेहमी काय दिसतं, चार-दोन पत्रे इकडेतिकडे पडलेले, बाकीचे वाकलेले, लोखंडी सांगाडा जागेवर. इथे उलटं होतं. 9 मीटर लांब, 4 मीटर रुंद अशी एकच खोली, सामान ठेवायची, आणि तिचं सगळं छप्पर, वासे, आडवे पाइप, पत्रे, सगळं एकमेकांना धरून, उलटं होऊन मागच्या मोकळ्या जागेत पडलेलं, जणू कोणी डब्याचं झाकण काढून बाजूला ठेवलंय. भिंती उभ्या होत्या पण मागच्या भिंतीचे वरचे दोन थर लांबलचक गायब.

मालकांचं पहिलं वाक्य असं होतं, "बघा, स्क्रू किती भारी बसवलेत, पत्रा एकपण निसटला नाही." खरं होतं ते. आणि गंमत म्हणा किंवा दुर्दैव, सगळा घोटाळा तिथेच होता.

झालं होतं असं की आधीच्या एका वादळात दोन पत्रे उडाले होते, तेव्हा ते इंग्रजी J आकाराच्या हुकांवर होते. मग मालकांनी सगळे हुक काढून सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारून घेतले, कडेला प्रत्येक नळीवर आणि मध्ये एकाआड एक, वॉशरसकट, अगदी व्यवस्थित. म्हणजे पत्रा ते पाइप हा जोड तिपटी-चौपटीने मजबूत झाला. पाइप वाशाला वेल्डिंग केलेला, तो आधीपासून चांगला. पण वासा ते भिंत हा जोड जसा होता तसाच राहिला, तिकडे कोणी बघितलंच नाही. आधी वारा जोरात आला की दोन पत्रे सुटायचे, हवा बाहेर पडायची, बाकीचं वाचायचं. आता पत्रा सुटायचं नाव घेत नाही म्हटल्यावर सगळी ओढ खाली वाशाच्या टोकाला गेली. (याचा अर्थ पत्रे मुद्दाम ढिले ठेवा असा नाही हां, उडालेला पत्रा माणसाला कापतो. अर्थ एवढाच की वरचा जोड घट्ट केला की लगेच खालचा बघायचा.)

आता जोड कसा होता ते सांगतो. एकाच बाजूला उतार असलेलं छप्पर, पुढची भिंत 3 मीटर उंच, मागची 2.4. वासे म्हणजे चौकोनी लोखंडी पाइप, दीड-दीड मीटरवर, एकूण सात. प्रत्येक वाशाचं टोक भिंतीवरच्या थरात खाच करून ठेवलेलं, बाजूला विटांचे तुकडे आणि माल भरलेला, आणि वरून 8 मिमीच्या सळईचा एक हुक वाशावरून वळवून खालच्या विटांमध्ये घातलेला. किती खोल? मोजलं तर दोन थर, म्हणजे साधारण 17 सेंटिमीटर.

पुढच्या भिंतीत खाचा रिकाम्या होत्या आणि आतला माल गुळगुळीत, पाइपचा ठसा जसाच्या तसा उमटलेला. म्हणजे तिथे मालाने लोखंड कधी धरलंच नव्हतं, नुसतं वेढलं होतं. हुक सरळ होऊन वर आलेले, काहींच्या टोकाला विटेचा गोळा तसाच. दोन हुक तर मालाच्या तोंडाशी, जिथे पाणी झिरपतं तिथे, गंजून 5 मिमीवर आलेले आणि तिथेच तुटलेले. मागच्या भिंतीत वेगळंच, तिथे हुक विटांत पक्के होते, म्हणून विटाच गेल्या, खालच्या आडव्या सांध्यातून सरळ रेषेत थर उचलला गेला. वरच्या दोन थरांच्या खाली, जिथे भिंत शाबूत वाटत होती तिथेही आडवी चीर होती, नखाने चाचपली तर नख आत जात होतं. पुढची भिंत तर वरून हलवली तर हलत होती, कारण छप्पर हाच तिचा वरचा आधार होता आणि तो गेला की 3 मीटर उंचीची एका विटेची भिंत नुसती उभी असते, झोपायला वेळ लागत नाही. आधी तिला टेकू दिले मग बाकीचं बोललो.

आता आकडे. मला माहितेय आकडे आले की लोक खाली स्क्रोल करतात, पण इथे चारच आकडे आहेत आणि त्याशिवाय हे प्रकरण कळणार नाही.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गावर जातो. वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, वर्ग करा, 0.6 ने गुणा, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. त्या दिवशी वेग कोणी मोजला नव्हता, पण आसपास काही झाडं उपटलेली, बरीच उभी, म्हणून ताशी 90 किलोमीटर धरला, म्हणजे 25 मीटर प्रति सेकंद. दाब आला 375 न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला साधारण 38 किलो. छपरावर वारा वरून दाबत नाही, हलका उतार असेल तर वर ओढतो, आणि ही ओढ या दाबाच्या 0.9 पट धरली. आता त्यात भर, पुढचं दार वाऱ्याने उघडलं होतं (कडीचा खिळा उपटलेला दिसला), मग वारा आत शिरून खालून पण ढकलतो, त्याचे 0.5 पट. बेरीज 1.4. म्हणजे चौरस मीटरला 53 किलो वरच्या दिशेने. पागोळ्या धरून छप्पर 53 चौरस मीटर, तर एकूण ओढ जवळपास 2,800 किलो. आणि छपराचं स्वतःचं वजन? पत्रा, पाइप, वासे मिळून चौरस मीटरला 12 किलोच्या आसपास, एकूण 640 किलो. लोक म्हणतात "एवढं जड लोखंड कसं उडालं", तर हे असं. लोखंड जड वाटतं कारण आपण ते हाताने उचलतो, वाऱ्याला त्याचं काही नाही.

आता 2,800 वजा 640 भागिले वाशांची चौदा टोकं, म्हणजे एका टोकाला दीडशे किलोच्या वर. मधल्या वाशांच्या वाट्याला साधारण 165. आणि हुकाने किती विटा धरल्या होत्या? दोन थर खोल, फारतर अर्धा मीटर लांबीच्या विटा त्याच्या बरोबर उचलल्या जाणार, त्यांचं वजन 37 किलो. संपलं. मालाच्या चिकटण्यावर भरवसा ठेवायचा नाही, कारण विटा आणि मालाचा आडवा सांधा ओढ जवळजवळ घेतच नाही, आणि एकदा केसाएवढी चीर पडली की शून्य. दाबाला भिंत हत्ती आहे, ओढीला नुसता विटांचा ढीग. ओढ घ्यायची असेल तर फक्त वजन कामाला येतं, आणि ते वजन तेव्हाच कामाला येतं जेव्हा लोखंड खाली जाऊन पुरेशा विटांच्या खालून त्यांना पकडतं.

मिस्त्री म्हणाले, "वर आरसीसीचा पट्टा टाकू, त्यात सळया सोडू, वासे वेल्डिंग करू, झालं." खरं सांगतो, पहिल्या दिवशी मलाही तेच बरोबर वाटलं होतं. घरी येऊन हिशोब केला तर जमेना.

डिझाइनला 90 चा वारा धरून चालत नाही. वाऱ्याचा वेग किती धरायचा ते त्या त्या भागाच्या नियमावलीच्या नकाशात असतं, आम्ही 40 मीटर प्रति सेकंद धरला, म्हणजे ताशी 144. वेग 1.6 पट पण जोर 2.56 पट, हे वर्गाचं गणित लोकांच्या डोक्यात बसत नाही. ओढ झाली चौरस मीटरला 137 किलो. एका वाशाच्या टोकाच्या वाट्याला 4 चौरस मीटर, म्हणजे 548 किलो. त्याला दीडपट सुरक्षा, त्यातून छपराचं वजन (तेही 10 टक्के कमी धरून) वजा, उरतात साधारण 780 किलो. एका टोकाला! आणि 23 बाय 15 सेंटिमीटरच्या पट्ट्याचं वजन दीड मीटरला किती, 129 किलो. म्हणजे नुसता पट्टा टाकला असता तर पुढच्या वादळात छपराबरोबर पट्टापण गेला असता, आणि तो खाली पडताना काय केलं असतं ते नकोच. असं होतं खरं, पट्टा विटांवर नुसता ठेवलेला असतो, खाली कशालाही बांधलेला नसतो.

पण पट्टा फुकट नाही. एक तर तो भिंतीच्या डोक्याला धरून ठेवतो, दुसरं म्हणजे एका वाशाची ओढ शेजारी पसरवतो, म्हणून अर्धा मीटर ऐवजी दीड मीटर लांबीच्या भिंतीचं वजन मोजता येतं. मग उरलं ते पट्ट्याच्या खालच्या भिंतीचं वजन बांधून घ्यायचं काम, म्हणजे वाशापासून भिंतीवरून खाली उभी लोखंडी पट्टी न्यायची आणि खालच्या टोकाला ती बोल्टने भिंतीत पकडायची. पट्ट्याचे 116 (10 टक्के कमी धरून) वजा करून 664 किलो उरले. एका विटेच्या भिंतीचं वजन दीड मीटर लांबी आणि एक मीटर उंचीला 655 किलो, 10 टक्के कमी करून 590. भागाकार केला की 1.13 मीटर येतं, आणि इथे बरेच जण थांबतात. पण खालच्या बोल्टने ओढलं की भिंत सगळी चौकोनी तुकड्यासारखी उचलली जात नाही, बोल्टपासून वर फाकत जाते, पंख्यासारखी. खालचे दोन्ही कोपरे मागेच राहतात, त्यांचं वजन मिळत नाही. 45 अंशात फाकते असं धरून परत हिशोब केला तर खोली आली 1.5 मीटर. आम्ही पट्टी 1.6 मीटर खाली नेली. तुलनेसाठी सांगतो, ब्रिटनच्या बांधकाम मार्गदर्शिकेत पागोळीच्या भिंतीला उभ्या पट्ट्या कमीत कमी 1 मीटर लांब आणि 2 मीटरच्या आत एक अशा सांगितल्यात. ती सर्वसाधारण किमान मर्यादा आहे, पत्र्याच्या हलक्या छपराला, तेही दार उघडं पडलेल्या खोलीला, ती पुरेल असं धरू नये.

काम असं केलं. पुढच्या-मागच्या भिंतींचे सुटलेले थर काढले, चीर जिथपर्यंत होती तिथपर्यंत खाली गेलो, परत बांधलं, त्यावर चारही भिंतींवर सलग पट्टा, 10 मिमीच्या चार सळया, दोन वर दोन खाली, कोपऱ्यात सळया वळवून पुढच्या बाजूत नेलेल्या. वरच्या सळया का, खिडकी-दारावरच्या लिंटेलला तर खाली जास्त देतात? कारण इथे ओढ वरच्या दिशेने आहे, खिडकीवर पट्टा वर वाकणार, ताण वरच्या बाजूला येणार.

पट्टी 25 बाय 3 मिमीची, गॅल्व्हनाइज केलेली, प्रत्येक वाशाला भिंतीच्या आतून एक आणि बाहेरून एक, आणि दोन्हींमधून भिंतीच्या आरपार 12 मिमीचे बोल्ट. खालच्या टोकाला तीन बोल्ट, वेगवेगळ्या थरांत. एकच का नको, तर 780 किलो एका 12 मिमीच्या बोल्टवर टाकले की बोल्टला काही होत नाही, त्याच्या वरची वीट चिरडते, विशेषतः हलकी भाजलेली असली तर. तीन केले की विटेवरचा दाब एक तृतीयांश. पट्टी स्वतः तर कधीच प्रश्न नसते, बोल्टचं भोक वजा करूनही ती एक टनाच्या वर घेते आणि इथे दोन आहेत. लोक दुकानात जाऊन जाड पट्टी मागतात आणि ती दोन स्क्रू आणि रावळप्लगने विटेला ठोकतात, मग पट्टी नवीकोरी आणि प्लग बाहेर. जोड तुटतो तो टोकाला.

वरच्या टोकाला वाशावरून यू आकाराची पट्टी घातली, दोन्ही बाजूंनी खाली येऊन उभ्या पट्ट्यांना बोल्टने जोडली, आणि वाशाच्या पोटातून आडवा एक बोल्ट, म्हणजे वासा उतारावरून सरकणार पण नाही. वेल्डिंग नको म्हटलं कारण पाइपची जाडी 2 मिमी, साइटवर वेल्डिंगवाला घाईत भोक पाडतो, आणि गॅल्व्हनाइजिंग जळतं ते वेगळं. वासे लाकडी असते तर तयार क्लिप बसवली असती, तिथे एकच गोष्ट बघायची, खिळ्यावर ओढ आडवी यायला हवी. वाशात वरून तिरका ठोकलेला खिळा ओढीत सरळ उपटून येतो, तोच खिळा क्लिपच्या भोकातून बाजूने मारला की त्याला कातरावं लागतं, तेव्हा तो सुटत नाही. आणि क्लिपची सगळी भोकं भरायची, सहापैकी दोन भरून फोटो काढायचा नाही.

दोन ठिकाणी अडलो. पुढच्या भिंतीत दोन वासे बरोबर खिडकीच्या डोक्यावर येत होते. तिथे 1.6 मीटर खाली जायला भिंतच नाही, पट्टी थेट खिडकीत उतरली असती. लिंटेलला बांधू असं मिस्त्री म्हणाले, पण लिंटेल आणि पट्टा यांच्यामध्ये जेमतेम पाऊण मीटर भिंत, तिचं वजन पुरत नाही. मग तिथे वासा पट्ट्याला बांधला, आणि पट्टा खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्यांनी खाली धरला, त्या पट्ट्या जवळजवळ जोत्यापर्यंत नेल्या. दुसरं, कडेचे वासे. त्यांच्या वाट्याला छप्पर थोडं कमी येतं पण कोपऱ्यात आणि कडेला वाऱ्याची ओढ मधल्यापेक्षा बरीच जास्त असते, दीडपट सहज. म्हणून तिथे पट्ट्यांची जोडी डबल केली, एक लांब भिंतीला, एक आडव्या भिंतीला. इथे एक बरं असतं, कोपऱ्यात दोन्ही भिंतींचं वजन मिळतं.

मग तपासणी. पट्ट्याला पुरेसे दिवस पाणी मारून झाल्यावर, पत्रे टाकायच्या आधी, तीन टोकांना ओढ देऊन बघितली. जॅक पट्ट्यावर ठेवून वासा वर ढकलायचा मोह होतो कारण सोपं असतं, पण त्यात जॅक पट्ट्याला खाली दाबतो आणि वासा वर जातो, म्हणजे फक्त पट्टी-बोल्ट तपासले जातात, भिंतीच्या वजनाची परीक्षा होतच नाही. म्हणून जमिनीवर फळी, त्यावर लोखंडी टेकू, वर गेजवाला जॅक, आणि भिंतीच्या आतल्या कडेला लागून वासा खालून वर ढकलला, 550 किलोपर्यंत, दहा मिनिटं धरून. पहिल्याच टोकाला वासा 4 मिमी वर सरकला आणि थांबला. बघितलं तर बोल्टची भोकं मोठी पाडलेली, 14-15 मिमीची, पट्टी तेवढी ढिली. 4 मिमी म्हणजे काही नाही असं वाटेल, पण वारा एकदा ओढून थांबत नाही, झोतावर झोत येतात, प्रत्येक झोताला वासा 4 मिमी उचलून आपटणार, आणि आपटण्याने विटांचा माल सुटत जाणार. 1974 च्या नाताळात ऑस्ट्रेलियात डार्विन शहरावर ट्रेसी चक्रीवादळ आलं तेव्हा हेच पत्र्यांच्या बाबतीत झालं होतं, परत परतच्या झोतांनी स्क्रूच्या भोवती पत्र्याला चिरा पडत गेल्या आणि शेवटी स्क्रू जागेवर, पत्रा गेला. तिकडे नंतर नियम बदलले, आणि छपरापासून पायापर्यंत उभ्या सळया नेऊन बांधायची पद्धत रुळली. आम्ही भोकांना जाड चौकोनी वॉशर लावले, पट्टी ताणून परत आवळली, दुसऱ्या वेळी सरकणं 1 मिमीवर आलं. बाकीची दोन टोकंही तशीच आवळून घेतली, पट्ट्याखालच्या सांध्यात चीर नाही, खालच्या बोल्टजवळ विटेला काही नाही.

मालकांनी शेवटी विचारलं, हे सगळं बाहेरून दिसणार, प्लॅस्टरमध्ये झाकू का? बाहेरची पट्टी झाकू नका असं सांगितलं. आत गंज किती चढला हे कोणालाच दिसत नाही, तसंच तर त्या 8 मिमीच्या हुकांचं झालं होतं. रंग द्या, आणि पावसाळा संपला की एकदा स्पॅनर घेऊन नट आवळून बघा, तसंच पट्ट्याच्या खालच्या सांध्यावरून टॉर्च आडवी धरून फिरवा, चीर असेल तर सावली पडते. आणि पुढच्या दाराला आता दोन कड्या आहेत, वर एक, खाली एक. दार बंद राहिलं तर आतला दाब 0.5 वरून 0.2 वर येतो, म्हणजे छपरावरची ओढ एक पंचमांशाने कमी, त्या कड्या सगळ्या कामातल्या सगळ्यात स्वस्त होत्या. पण मी हिशोबात ते धरलं नाही, कारण वादळ आलं तेव्हा दार नेमकं उघडंच असतं.